एकच आकडा, दोन भाऊ: पैलवानाचा बीएमआय कसा वाचावा

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी पक्की होण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली आणि २७ वर्षांच्या एका पैलवानाच्या अहवालावर शेरा आला: 'लठ्ठ. वजन कमी करून पुन्हा दाखवावे.' उंची १७२ सेंटिमीटर, वजन ८६ किलो, बीएमआय २९.१. खाली रक्तदाब १३८/८८ आणि त्याला लाल पेनाने केलेला गोल. हा मुलगा शाळेत असल्यापासून पंचवटीतल्या एका तालमीत जातो, गादीवर ८६ किलोच्या गटात खेळतो. सकाळी जोर-बैठका आणि दोर, संध्याकाळी लढती, शिवाय आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये वजनं.

त्याला माझ्याकडे घेऊन आला त्याचा थोरला भाऊ. वय ३६, तोही त्याच तालमीतला, पण २४ व्या वर्षी कुस्ती सोडून द्वारका परिसरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबाला बसलेला. घरात एव्हाना बरंच काही घडून गेलं होतं. आईने धाकट्याचं तूप बंद केलं होतं, बदामाची थंडाई थांबली होती आणि मुलाने स्वतःहून रात्रीचं जेवण सोडलं होतं. खुर्चीवर बसता बसताच त्याने विचारलं, "मॅडम, किती किलो उतरवू?"

दोघांच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, मापं तशीच ठेवली आहेत.

आधी त्या २९.१ मध्ये काय आहे ते पाहू. किलोतलं वजन घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १.७२ चा वर्ग २.९६ आणि ८६ ला त्याने भागलं की २९.१. या भागाकारात चरबी कुठेच मोजलेली नाही. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी हे प्रमाण मांडलं ते लोकसमूहात उंचीबरोबर वजन कसं बदलतं हे समजून घेताना. १९७२ मध्ये अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं, तेही मोठ्या गटांच्या अभ्यासासाठी सोयीचं माप म्हणून. हजारो माणसं एकत्र घेतली तर ज्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त, त्यांच्यात बहुतेकांची चरबी जास्त असते. म्हणून गटासाठी हे माप चालतं. समोर बसलेल्या एका माणसाचं जास्तीचं वजन कशाचं आहे, हे मात्र त्यातून कळत नाही.

तालमीत आणि जिममध्ये याचं एक कारण नेहमी ऐकू येतं: स्नायू चरबीपेक्षा जड असतात, म्हणून बीएमआय चुकतो. हे अर्धवट आहे. एक लिटर चरबीचं वजन साधारण ९०० ग्रॅम भरतं आणि तेवढ्याच स्नायूचं १०६० ग्रॅमच्या आसपास. हा फरक खरा आहे, पण बीएमआय चुकण्याचं मूळ तिथे नाही. सूत्र फक्त एकूण किलो पाहतं. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मांड्या, पाठ, खांदे आणि मान यांवर चढलेले दहा किलो आणि पोटावर साठलेले दहा किलो त्याला सारखेच दिसतात. स्नायू आणि चरबीची घनता अगदी एक असती, तरी या पैलवानाचा बीएमआय २९.१ च आला असता.

मग जास्तीचं वजन कशाचं आहे हे कसं ओळखायचं? मी सगळ्यात आधी कंबर मोजते. हे काम सोपं वाटतं आणि बहुतेक ठिकाणी चुकीचं होतं. शर्ट वर करून उभं राहायचं. बाजूने चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायची. टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवायची. ती त्वचेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. श्वास नेहमीसारखा सोडून झाला की आकडा वाचायचा. पैलवानांच्या बाबतीत इथे एक अडचण असते. टेप लावली की त्यांचं पोट सवयीनेच आत जातं आणि छाती पुढे येते. म्हणून मी बोलत राहते, दोन-तीन श्वास जाऊ देते आणि मग मोजते. धाकट्याची कंबर ८४ सेंटिमीटर भरली. उंचीने भागली तर ०.४९.

कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा त्यातला साधा नियम. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये ३५ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या प्रौढांसाठी हेच माप जोडीला घ्यायला सांगितलं: ०.५ च्या खाली ठीक, ०.५ ते ०.५९ मध्ये धोका वाढलेला, ०.६ आणि पुढे तो आणखी जास्त. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही कंबरेची मर्यादाही धरतात. धाकटा दोन्हीत बसत होता. हे माप खेळाडूसाठी कामाचं का, तर व्यायामाने मांडी जाड होते, दंड जाड होतो, पाठ रुंद होते, पण पोटाचा घेर स्नायूमुळे फारसा वाढत नाही. पोट वाढलं तर ते बहुतेक चरबीनेच वाढतं, आणि साखर, रक्तातली चरबी व रक्तदाब यांच्याशी जास्त संबंध त्याच चरबीचा असतो.

त्यानंतर कॅलिपरने त्वचेच्या घड्या मोजल्या. पुरुषांत छाती, बेंबीच्या बाजूला पोट आणि मांडीचा पुढचा भाग अशा तीन जागा घेते. छातीवर १२ मिलिमीटर, पोटावर २६, मांडीवर २०. बेरीज ५८. वय आणि ही बेरीज सूत्रात घातली की शरीरातली चरबी सुमारे १७ टक्के येते. ही सूत्रं परदेशातल्या पुरुषांच्या मापांवरून बनवलेली आहेत, आणि मोजणारा सरावाचा असला तरी तीन-चार टक्के इकडेतिकडे होतात. त्यामुळे मी त्याला '१४ ते २१ च्या दरम्यान' असंच सांगितलं. जिममधल्या यंत्रावर उभं राहून मिळणाऱ्या टक्क्यांवर मी यापेक्षाही कमी भिस्त ठेवते. ते यंत्र शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून चरबी काढतं. वजन उतरवताना पाणी तोडलेल्या पैलवानाला ते उगाच जास्त चरबी दाखवतं.

आता १७ टक्के धरून पुढे जाऊ. ८६ किलोंपैकी चरबी १४.६ किलो. उरलेले ७१.४ किलो म्हणजे स्नायू, हाडं, अवयव आणि पाणी. या दोन्हींना उंचीच्या त्याच वर्गाने, २.९६ ने, वेगवेगळं भागता येतं. चरबीचा वाटा येतो सुमारे ५, बाकीचा सुमारे २४. बेरीज २९. अहवालावरचा बीएमआय हाच, फक्त फोड करून लिहिलेला. व्यायाम न करणाऱ्या पुरुषांत बिनचरबीचा वाटा १७ ते २० च्या आसपास असतो. याचा २४ आहे, आणि त्याचं वजन जास्त दिसतं ते त्यामुळेच. हा वाटा २५ च्या पलीकडे नुसत्या मेहनतीने आणि खुराकाने नेणारे फार थोडे. म्हणून २४ दिसला की मी स्टिरॉइडबद्दल आडपडदा न ठेवता विचारते. त्यालाही विचारलं. तो घेत नव्हता, आणि शरीरावर तशा खुणाही नव्हत्या.

आता त्याच्या प्रश्नाकडे. किती किलो उतरवू? भारतीयांसाठीच्या कोष्टकात बीएमआय २५ च्या खाली आणायचा तर १७२ सेंटिमीटर उंचीला वजन ७४ किलो हवं. त्याचं बिनचरबीचं वजनच ७१.४ आहे. स्नायू तसेच ठेवून ७४ वर यायचं म्हणजे अंगावर अडीच किलो चरबी ठेवायची, जेमतेम साडेतीन टक्के. शरीर चालायला पुरुषाला लागणारी किमान चरबी याच घरात आहे. त्यावर महिनोन्महिने राहणारा माणूस आजारी पडतो, सराव सोडतो किंवा दोन्ही. आणि कोष्टकाच्या 'योग्य' रकान्यात, म्हणजे २३ च्या खाली, जायचं तर ६८ किलो. हे त्याच्या बिनचरबीच्या वजनापेक्षाही कमी आहे. सगळी चरबी काढून टाकली तरी तो त्या रकान्यात बसत नाही. मी कागदावर हे दोन आकडे लिहून दिले तेव्हा थोरल्याने कागद ओढून घेतला आणि स्वतः भागाकार करून पाहिला.

इथे आपल्याकडची एक गोष्ट या पैलवानाच्या विरुद्ध जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ वर्गवारीत २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. तिथे २९.१ लठ्ठ ठरत नाही. भारतात २००९ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने या मर्यादा खाली आणल्या: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. त्याला भक्कम कारण आहे. आपल्या लोकांत कमी वजनातही चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. मर्यादा खाली आणल्या त्या अशा, सडपातळ दिसणाऱ्या पण चरबी बाळगणाऱ्या शरीरांसाठी. तीच खालची रेघ ज्याच्या अंगावर स्नायूच जास्त आहेत त्याला लावली, की चूक आणखी मोठी होते.

लाल गोल केलेल्या रक्तदाबाकडेही मला पुन्हा पाहायचं होतं. धाकट्याचा दंड सैल सोडून ३९ सेंटिमीटर भरला. दवाखान्यात सर्रास वापरला जाणारा प्रौढांचा पट्टा साधारण ३४ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडासाठी असतो. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त येतो. तपासणीच्या दिवशी पट्टा कोणता होता हे त्याला आठवेना. 'पट्टा चर्रचर्र करून सुटत होता' एवढं मात्र आठवत होतं, आणि मला तेवढं पुरेसं होतं. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं आणि मोठा पट्टा बांधून दोनदा मोजला: १२८/८० आणि १२६/७८. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसाच. ज्या शरीरावर बीएमआय फसतो त्याच शरीरावर नेहमीचा पट्टाही फसतो, आणि मग दोन चुकीचे आकडे एकमेकांना दुजोरा देतात. तपासणाऱ्याला वाटतं की निदान पक्कं झालं. उपाशीपोटी साखर ८८, ट्रायग्लिसराइड ९६. घोरतोस का, हेही विचारलं. जाड मानेच्या माणसाला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होऊ शकतो, आणि ती मान स्नायूंनी जाड झाली असली तरी ही शंका विचारायचीच असते. भावाने सांगितलं, हा घोरत नाही.

"मी घोरतो," त्यालाच जोडून तो म्हणाला.

थोरल्याने तोवर स्वतःचा बीएमआय काढला होता. उंची १७१, वजन ८५. बीएमआय २९.१. धाकट्याइतकाच, दशांशापर्यंत. "म्हणजे माझंही ठीकच की," असं म्हणून तो उठायला लागला. मी त्याला टेपजवळ बोलावलं.

त्याच्या पँटचा नंबर ३६ होता, म्हणजे ९१ सेंटिमीटर, आणि तो तेच कंबरेचं माप समजत होता. पँट पोटाच्या खाली बसते. बरगडी आणि हाडाच्या मधल्या खुणेवर टेप लावली तेव्हा १०१ भरले. उंचीने भागले तर ०.५९. तीन घड्यांची बेरीज १०९ मिलिमीटर, चरबी सुमारे ३१ टक्के. फोड केली तर २९ मधला चरबीचा वाटा ९ आणि बाकीचा २०. धाकट्याचा २९ होता तो २४ आणि ५ चा, याचा २० आणि ९ चा.

त्याला हे पटायला वेळ लागला, कारण वजनकाटा त्याच्या बाजूने बोलत होता. कुस्ती सोडली तेव्हा त्याचं वजन ७९ किलो होतं. बारा वर्षांत सहा किलो वाढले, वर्षाला अर्धा किलो, ही काही मोठी वाढ नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा त्याची चरबी कोणी मोजली नव्हती, पण खेळणाऱ्या पैलवानाची म्हणून १५ टक्के धरू. म्हणजे चरबी १२ किलोच्या आसपास आणि बिनचरबीचं वजन ६७. आता चरबी २६ आणि बिनचरबीचं ५९ च्या जवळ. काट्याने सहा किलोंची वाढ दाखवली. आत सुमारे चौदा किलो चरबी चढली होती आणि आठ किलो स्नायू उतरले होते. सराव थांबला की स्नायू घटायला लागतात, पण पैलवानाची भूक आणि ताटाचा आकार बरीच वर्षं टिकतो. बीएमआय या काळात २७ वरून २९ वर गेला, आणि 'माझा तर पैलवानकीच्या दिवसांतही २७ होता' असं म्हणायला तो मोकळा राहिला.

तपासण्यांत उपाशीपोटी साखर ११२, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ टक्के, ट्रायग्लिसराइड २४० निघाले. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तदाब योग्य पट्ट्याने दोन वेगळ्या दिवशी १४४/९२ च्या आसपास. घोरण्यासाठी त्याला झोपेच्या तपासणीला पाठवलं. या घरात अहवाल आला तो धाकट्याच्या नावाचा, आणि उपचाराची गरज निघाली ती थोरल्याला.

म्हणूनच, 'मी व्यायाम करतो, मला बीएमआय लागू नाही' हे वाक्य ऐकलं की मी टेप हातात घेते. गंगापूर रोडवर वर्षभर जिम केलेला, २८ बीएमआयचा तरुण हे वाक्य फार सहज बोलतो. वर्षभराच्या नियमित व्यायामाने नवशिक्याच्या अंगावर काही किलो स्नायू चढतात. तेवढ्याने १७२ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा बीएमआय एक-दोन अंकांनी वर सरकतो, पाच-सहा अंकांनी नाही. बीएमआय जास्त आणि चरबी कमी अशी शरीरं असतात, पण ती बहुधा वर्षानुवर्षं ताकदीचा खेळ खेळणाऱ्यांची: कुस्ती, वेटलिफ्टिंग, गोळाफेक, कबड्डीतले काही बचावपटू. एकूण समाजात बीएमआय चुकतो तो बहुतेक वेळा उलट्या बाजूला. आकडा कमी दिसतो आणि चरबी लपून राहते. शिवाय अवजड गटातल्या पैलवानांत स्नायू आणि चरबी दोन्ही भरपूर असू शकतात. तिथे नुसता खेळ पाहून माफी देता येत नाही.

तरीही बीएमआय फेकून देण्याच्या मी विरोधात आहे. त्याला फक्त काटा आणि उंचीची पट्टी लागते, आणि एकाच माणसाचा तो वर्षानुवर्षं ठेवला तर खूप काही सांगतो, अट एवढीच की शेजारी कंबरेचा आकडा लिहिलेला हवा. बीएमआय वाढला आणि कंबर तिथेच राहिली, तर वजन बहुधा स्नायूंचं आहे. दोन्ही वाढले तर चरबी चढते आहे. बीएमआय स्थिर आणि कंबर वाढती असेल तर थोरल्याच्या बाबतीत झालं तेच चालू आहे, आणि हे काट्यावर कधीच दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगानेही लठ्ठपणाच्या निदानासाठी बीएमआयच्या जोडीला कंबरेसारखं एखादं माप किंवा चरबीची थेट मोजणी हवी, असंच सुचवलं. बीएमआय ४० च्या वर असेल तर वेगळ्या मापाशिवायही चरबी जास्त आहे असं धरायला त्यांची हरकत नाही, आणि माझीही नाही.

कारखान्याच्या डॉक्टरांना मी एक पानी पत्र दिलं. त्यात बीएमआय वगळला नाही. २९.१ तसाच लिहिला आणि त्याच्या खाली कंबर, कंबर-उंचीचं प्रमाण, घड्यांवरून काढलेली चरबी तिच्या चुकीच्या शक्यतेसह, मोठ्या पट्ट्याने घेतलेले रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड लिहिले. 'हा खेळाडू आहे, सवलत द्यावी' असं लिहून उपयोग नसतो. तपासणाऱ्याला शेरा बदलायला मोजमाप लागतं. आठ दिवसांत 'कामास योग्य' असा शेरा आला. मुलाचं रात्रीचं जेवण आणि थंडाई त्याआधीच सुरू झाली होती. सहा महिन्यांतून एकदा कंबर मोजायची आणि ८८ च्या पुढे गेली तर यायचं, एवढं त्याला सांगितलं. स्पर्धा सोडेल त्या वर्षी मात्र दर दोन महिन्यांनी.

थोरल्याला आठवड्यातून तीन दिवस तालमीतच पाठवलं, लढतीला नव्हे, बैठका आणि हलक्या वजनांना. ताटातला भात आणि पोळ्या कमी केल्या, डाळ, अंडी, दही तसंच ठेवलं. संध्याकाळी गोदाकाठाने पाऊण तास चालणं. तीन महिन्यांनी तो आला तो जरा खट्टू होऊन. वजन ८४, बीएमआय २८.७. इतकं करून एकच किलो. कंबर मोजली तर ९६ भरली, पाच सेंटिमीटर कमी. सरासरी साखर ५.९. रक्तदाब १३४/८६, अजून हवा तसा नाही, म्हणून मिठाची आणि झोपेची चौकशी नव्याने सुरू केली. पुढची तारीख दिली ती कंबर ९० च्या खाली येण्याच्या हिशेबाने. वजनाचा रकाना त्याच्या कार्डावर आहे, पण त्यात लक्ष्य म्हणून मी काहीच लिहिलेलं नाही.